फ्रिजची वाढीव वॉरंटी: कॉम्प्रेसरची भीती किती खरी?

"एक्स्टेंडेड वॉरंटी नाही घेतली आणि कॉम्प्रेसर गेला, तर दहा-पंधरा हजारांचा फटका!"

आधी वॉरंटी कार्ड उघडा. बहुतेक नव्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर कंपनीचीच दहा वर्षांची वॉरंटी असते, म्हणजे दुकानदार भीती दाखवतो ती आधीच झाकलेल्या भागाची. मात्र ती बहुधा फक्त सुट्या भागापुरती. गॅस भरणं आणि मजुरी आपल्या खिशातून.

वाढीव वॉरंटीचा प्लॅन खरा उपयोगी पडतो पीसीबी म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, पंख्याची मोटर, गॅसगळती यांसाठी. समजा, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षासाठी तो २,४०० रुपयांना आहे आणि असं काम ४,००० ला पडतं. मग त्या दोन वर्षांत बिघाडाची शक्यता ६० टक्क्यांच्या वर असेल, तरच सौदा परवडतो. नव्या फ्रिजबाबत मला ती एवढी वाटत नाही. दाराचं रबर, ट्रे तर बऱ्याच प्लॅनमध्ये नसतातच.