दोन चकत्यांमधलं अंतर

समजा, पायावरच्या गळवाचा पू तपासायला आला आणि त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस वाढला. हा जिवाणू आगरच्या पेट्री डिशवर सगळीकडे सारवून, वर प्रतिजैविकांच्या छोट्या कागदी चकत्या ठेवून डिश रात्रभर ३५ अंशांना ठेवली. औषध जिथं जिवाणूला रोखतं, तिथं चकतीभोवती मोकळं वर्तुळ दिसतं. आपल्या डिशवर एरिथ्रोमायसिनभोवती ते जवळजवळ नाहीच. क्लिंडामायसिनभोवती मात्र २४ मिलिमीटरचं आहे. २१ किंवा जास्त असलं की औषध लागू पडेल असं धरतात. पण इथं नुसत्या मापावर विसंबलं तर फसगत होऊ शकते.

ही दोन्ही औषधं जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला जवळपास एकाच जागी चिकटतात. काही स्टॅफिलोकोकसकडे अर्म नावाचं जनुक असतं. त्यापासून बनणारं एन्झाइम त्या जागेवर मिथाइल गट बसवतं, आणि मग दोन्ही औषधांना तिथं चिकटता येत नाही. गंमत अशी की काही जिवाणूंत हे जनुक एरवी झोपलेलं असतं. एरिथ्रोमायसिन त्याला जागं करतं, क्लिंडामायसिन सहसा करत नाही. म्हणून क्लिंडामायसिन एकटं तपासलं तर ते उत्तम काम करतंय असं वाटतं. उपचार सुरू झाल्यावर मात्र ज्यांचं जनुक कायमचं जागं झालंय असे उत्परिवर्ती जिवाणू मागे उरू शकतात, आणि गळू पुन्हा भरू शकतं.

ही फसगत पकडणाऱ्या डी-टेस्टमध्ये या दोन चकत्या शेजारी ठेवतात, कडेपासून कडेपर्यंत १५ ते २६ मिलिमीटर अंतरावर. एरिथ्रोमायसिन आगरातून पसरतं, त्या बाजूच्या जिवाणूंचं जनुक जागं होतं आणि क्लिंडामायसिनचं वर्तुळ तेवढ्याच बाजूला चपटं होतं. इंग्रजी डी अक्षरासारखा आकार दिसला, की माप २४ असलं तरी अहवालात क्लिंडामायसिन 'रेझिस्टंट' लिहायचं. चकत्या फार लांब ठेवल्या तर चपटेपणा दिसतच नाही. माझ्या मते या चाचणीतली सगळ्यात सहज होणारी चूक हीच. वर्तुळ खरोखर गोल राहिलं, तर बहुधा हा जिवाणू एरिथ्रोमायसिनला रायबोसोमवरून हुसकावणारं प्रथिन बनवणारा असतो. त्याच्यावर क्लिंडामायसिन चालतं, उगाच टाकून द्यायचं कारण नाही.

लघवीतल्या ई. कोलाय या जिवाणूसाठी हीच मांडणी उलट्या परिणामासाठी वापरतात. काही ई. कोलायकडचं ईएसबीएल हे एन्झाइम सेफोटॅक्झिमसारखी प्रतिजैविकं फोडून टाकतं, पण क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्या एन्झाइमलाच अडवतं. मधोमध अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेटची चकती ठेवायची आणि केंद्रापासून साधारण २० मिलिमीटरवर सेफोटॅक्झिम, सेफ्टाझिडिम. ईएसबीएल असेल तर त्यांची वर्तुळं मधल्या चकतीकडे ताणली जातात. म्हणजे डी-टेस्टमध्ये शेजारी वर्तुळ खातो, इथं वाढवतो. मात्र जिवाणूत एएमपीसी नावाचं दुसरं एन्झाइमही असेल, तर क्लॅव्ह्युलॅनिक आम्ल त्याला अडवू शकत नाही आणि ताण झाकला जातो. अशा वेळी सेफेपिमची चकती शेजारी लावून बघतात, कारण एएमपीसीला सेफेपिम सहज फोडता येत नाही.