पासामाक्वॉडींची गाणी: परवानगी नेमकी कुणाची?

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, कॅनडाच्या सीमेला लागून पासामाक्वॉडी नावाचा आदिवासी समाज राहतो. मार्च 1890 मध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्स हा संशोधक एडिसनचा फोनोग्राफ घेऊन मेन राज्यातल्या कॅलिस गावी आला. नैऋत्येकडच्या झुनी लोकांमध्ये मोठी मोहीम काढायची होती, त्याआधी आवाज मुद्रित करणारं हे यंत्र लोकांची गाणी टिपायला चालतं का, एवढंच त्याला पाहायचं होतं. मोहिमेचा खर्च बॉस्टनच्या मेरी हेमेनवे उचलत होत्या. क्षेत्रकार्यात समाजाची गाणी ध्वनिमुद्रित झाल्याचं हे पहिलं ज्ञात उदाहरण, आणि ज्यांच्यावर यंत्राची चाचणी झाली ते होते पासामाक्वॉडी.

नोएल जोसेफ्स आणि पीटर सेलमोर यांनी कर्ण्यासमोर तोंड धरून गाणी म्हटली, गोष्टी सांगितल्या. आवाज मेणाच्या सिलिंडरवर कोरला जाई आणि एका सिलिंडरवर दोन-तीन मिनिटांपुरतीच जागा असे. त्यामुळे लांबलचक चालणारं नृत्यगीतही तेवढ्यातच बसवावं लागलं. सर्पनृत्याच्या गाण्याचंच घ्या. त्या नाचात माणसं हाताला हात धरून साखळी करतात आणि म्होरक्याच्या मागे वेटोळी घेत आत वळत जातात. कॅलिसला मेणावर उतरला तो एकट्या माणसाचा आवाज. नाच नाही, साखळी नाही, प्रसंगही नाही. पुढे ज्यांनी ते ऐकलं, त्यांच्यासाठी हे एक ‘गाणं’ झालं.

फ्यूक्सचा युक्तिवाद त्या काळच्या बहुतेक संशोधकांचाच होता: जाणती म्हातारी माणसं मरत चालली आहेत, हाती लागेल ते जपून ठेवू या. त्यात खोटेपणा नव्हता. पण माझ्या मते या एका घाईमुळे पुढच्या शंभर वर्षांचे प्रश्न निर्माण झाले. गायकाने होकार दिला की परवानगी मिळाली, असं धरलं गेलं. गायक आपल्या आवाजापुरता होकार देऊ शकतो. जे गाणं विशिष्ट प्रसंगीच, विशिष्ट माणसांसमोर म्हणायचं असतं, ते परक्यांनी कधीही ऐकावं की नाही हे त्याला एकट्याला ठरवता येत नाही. ती परवानगी कुणाकडे मागायची, हेच त्या वेळी कुणी विचारलं नाही. त्याच वर्षी फ्यूक्सने या साहित्यावर लेख छापला आणि गाणी गावाबाहेर गेली.

सिलिंडर आधी हार्वर्डच्या पीबडी संग्रहालयात होते आणि 1970 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे आले. मेण मऊ असतं, प्रत्येक वेळी वाजवताना सुई खाच थोडी झिजवते. म्हणून 1979 मध्ये सुरू झालेल्या फेडरल सिलिंडर प्रकल्पात अशी जुनी ध्वनिमुद्रणं टेपवर उतरवून त्यांच्या प्रती त्या त्या समाजांना परत दिल्या गेल्या. पासामाक्वॉडींना मिळालेल्या टेपमध्ये खरखर इतकी होती की शब्द लागणं कठीण. शिवाय प्रत परत आली, निर्णयाचा अधिकार आला नाही.

आपल्याकडे संगीतशास्त्रीय संशोधनाचं एक मोठं संग्रहालय 1982 मध्ये पुण्यात सुरू झालं आणि नंतर दिल्लीकडे हललं. अशा संग्रहांत ध्वनिमुद्रण जमा करणाऱ्याला वापराच्या अटी घालता येतात. सोय चांगलीच, पण अटी घालणारा संशोधक असतो. कागदावर सही त्याची, आवाज दुसऱ्याचा.

पासामाक्वॉडींच्या बाबतीत खरा बदल 2010 नंतरच्या दशकात झाला. नवी, अधिक स्वच्छ डिजिटल प्रत तयार झाली आणि ड्वेन टोमा यांच्यासारखे भाषा जाणणारे लोक ती पुन्हा पुन्हा ऐकून शब्द उतरवू लागले. समाजाने आपलं संकेतस्थळ उभारलं. त्यासाठी वापरलेल्या मुकुर्तू या प्रणालीत कोणती गोष्ट सर्वांसाठी आणि कोणती समाजापुरती, हे समाजालाच ठरवता येतं. 2018 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसने आपल्या नोंदींत समाजाने दिलेली माहिती आणि त्यांच्याच भाषेतल्या सूचनापट्ट्या जोडल्या. श्रेय कसं द्यायचं, वापर शिक्षणासाठी करावा, विक्रीसाठी करू नये, अशा अर्थाच्या या पट्ट्या आहेत. जिथे आधी संग्राहक म्हणून फक्त फ्यूक्सचं नाव पुढे दिसायचं, तिथे आता समाज स्वतः बोलतो.

या पट्ट्यांना कायद्याचं बळ मात्र नाही. अमेरिकी कॉपीराइट कायदा निर्माता शोधतो आणि हक्काला मुदत घालतो. परंपरेने आलेल्या गाण्याला तसा एकटा निर्माता नसतो आणि समाजाची जबाबदारी कुठल्याही सालात संपत नाही. पट्टी वाचून कुणी थांबला तर थांबला. न थांबणाऱ्याला अडवायला आज समाजाच्या हाती फारसं काही नाही.