डुप्लिकेट सर्टिफिकेटसाठी मेल करताना

‘सर, माझं सर्टिफिकेट हरवलं आहे, अर्जंट डुप्लिकेट पाठवा.’ आमच्या प्रशिक्षण संस्थेकडे येणारे निम्म्याहून अधिक मेल एवढेच असतात. इंटरव्ह्यू परवावर आलेला असतो, हे आम्हालाही समजतं. पण आमची नोंदवही नावावार नाही, बॅचवार आहे. ‘स्नेहा पाटील’ शोधायला गेलं तर चार निघतात.

गेल्या वर्षीची गोष्ट. फूड टेक्नॉलॉजीच्या शेवटच्या वर्षात असताना, २०१७ साली, एका मुलीने आमच्याकडे आयएसओ २२००० या अन्नसुरक्षेच्या मानकाचा इंटर्नल ऑडिटर कोर्स केला होता. घर बदलताना फाइल गेली. मेल आला तो लग्नानंतरच्या आडनावाने आणि नव्या मेलआयडीवरून. कोर्सचं नाव नाही, साल नाही. विचारपूस करण्यातच तीन दिवस गेले. तिने एवढं लिहिलं असतं, तर काम त्याच दिवशी झालं असतं:

‘विषय: डुप्लिकेट सर्टिफिकेट, आयएसओ २२००० इंटर्नल ऑडिटर, २०१७. सर्टिफिकेटवरचं नाव अमुक, तेव्हाचा मोबाइल अमुक, बॅच कॉलेजमध्येच झाली होती. मूळ प्रत घर बदलताना हरवली. ओळखपत्र आणि हरवल्याची पोलीस नोंद जोडली आहे.’

सर्टिफिकेटचा फोटो किंवा झेरॉक्स जुन्या मेलमध्ये, एखाद्या नोकरीच्या अर्जाला जोडलेली सापडली, तर तीही पाठवा. त्यावरच्या नंबराने शोध मिनिटात संपतो.

पोलीस नोंदीवरून काही जण चिडतात. चोरी झाली नसेल तर एफआयआर लागत नाही, हरवल्याची नोंद पुरते. एकाच नंबराच्या दोन प्रती बाजारात फिरू नयेत म्हणून आम्ही ती मागतो. डुप्लिकेट दिल्यावर मूळ प्रत रद्द धरली जाते. पुढे ती सापडली तर आम्हाला परत करावी.

त्याच मुलीने नंतर विचारलं, ‘आता देताच आहात, तर नवीन आडनाव आणि मानकाची २०१८ ची आवृत्ती टाकाल का?’ नाही. डुप्लिकेटवर मूळ नंबर, मूळ तारीख, मूळ नाव आणि जी शिकवली तीच आवृत्ती येते. तिने शिकलेली २००५ ची होती. कंपनीने पडताळणीसाठी आम्हाला विचारलं, तर नोंदवहीत आणि कागदावर एकच मजकूर दिसायला हवा. आडनावासाठी विवाह नोंदणीचा दाखला सोबत ठेवला की भागतं. २०१८ साठी आमचा एक दिवसाचा फरक-कोर्स आहे. जुन्या विद्यार्थ्यांना त्यात सवलत मिळते. तिने तो केला, त्याचं सर्टिफिकेट वेगळं मिळालं.

फॉस्टॅक या एफएसएसएआयच्या अन्नसुरक्षा प्रशिक्षणाचं सर्टिफिकेट हरवलं असेल तर आमच्याकडे मागू नका. प्रशिक्षण आम्ही दिलं असलं तरी ते फॉस्टॅकच्या पोर्टलवर तुमच्या लॉगिनमध्ये असतं. आधी त्यावरची तारीख बघा. मुदत दोनच वर्षांची असते. पदवीचं प्रमाणपत्र मात्र विद्यापीठाकडेच मागावं लागतं.