पिवळं मांजरीला, पांढरं वहिनीला

मागच्या महिन्यात फोंड्याला मावशीकडे गेले होते, तिथे वहिनीला सहावा महिना चालू आहे. सकाळी तिच्यासमोर दोन उकडलेली अंडी आली आणि दादाने (जिमवाला माणूस, प्रोटीन सोडून दुसरं बोलत नाही) सुरीने ती मधोमध कापून दोन्ही पिवळे गोळे अलगद काढले आणि मांजरीच्या ताटलीत टाकले. का तर कोलेस्टेरॉल. मावशी म्हणाली, "बरं केलंस, पिवळं उष्ण पडतं पोटुशीला." मांजर मात्र मस्त गुटगुटीत झालीय.

मी बायोलॉजी शिकवते त्यामुळे गप्प बसणं जमलं नाही. प्रोटीनपुरतं दादाचं अर्धंच बरोबर होतं. एका मोठ्या अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन असतं, त्यातलं जवळजवळ पावणेतीन ग्रॅम पिवळ्यातच असतं, म्हणजे तेही मांजरीला गेलं. पण खरा तोटा वेगळाच आहे, आणि त्याचं नाव कोलीन.

कोलीन म्हणजे व्हिटॅमिन बीच्या भावकीतला एक पदार्थ. पोटातल्या बाळाच्या मेंदूत रोज अगणित नव्या पेशी तयार होत असतात, आणि प्रत्येक पेशीला बाहेरून एक पातळ पडदा लागतो, त्या पडद्याचा मोठा भाग ज्या स्निग्ध पदार्थाचा असतो तो कोलीनपासून बनतो. शिवाय मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात त्यातलं एक रसायन, अ‍ॅसिटिलकोलीन, तेही यातूनच. बाळाला ते इतकं लागतं की वार आईच्या रक्तातून कोलीन ओढून पलीकडे पाठवत राहते, बाळाच्या रक्तात ते आईपेक्षा कितीतरी जास्त सापडतं. आईचं लिव्हर थोडं कोलीन स्वतः बनवतं, गरोदरपणात इस्ट्रोजेन वाढलं की जरा जास्तच बनवतं, पण तेवढ्यावर भागत नाही आणि काही बायकांच्या जीन्समध्ये फरक असल्यामुळे त्यांच्यात ते कमीच बनतं. उरलेलं ताटातून यायला पाहिजे.

किती? अमेरिकेत 1998 साली ठरलेला अंदाज आहे, गरोदर बाईला दिवसाला 450 मिलिग्रॅम. एका मोठ्या अंड्यात 145च्या आसपास असतं आणि ते जवळजवळ सगळं पिवळ्यात, पांढऱ्यात नावापुरतं.

मग कागदावर वहिनीचा दिवस मांडला. दुपारी एक बांगडा, 50 धरा. दोन कप दूध, 60. डाळ, भाजी, भात, पोळी मिळून अजून 50. झाले 160. यात दोन अख्खी अंडी घातली की 450 होतात, आणि नुसतं पांढरं खाल्लं की 160वरच गाडी अडकते. आकडे अंदाजेच आहेत, पण फरक केवढा आहे ते बघा. दादा बराच वेळ कागदाकडे बघत होता.

मापुशाच्या बाजारातलं गावठी अंडं घेतलं तर ते लहान असतं, त्यामुळे कोलीनही त्या मानाने कमी, सालीचा रंग तपकिरी असला म्हणून जास्त मिळत नाही.

आता कोणी विचारेल, एवढं खाऊन बाळ हुशार होतं का? कॉर्नेल विद्यापीठात एक ट्रायल झाली, शेवटच्या तीन महिन्यांत एका गटाला दिवसाला 480 आणि दुसऱ्याला 930 मिलिग्रॅम कोलीन दिलं, तर जास्तवाल्या गटातली बाळं चित्र दिसल्यावर तिकडे नजर वळवण्यात थोडी चपळ निघाली. पण बायका होत्या फक्त 26, तेव्हा त्यावरून कोणी कोलीनच्या महागड्या गोळ्या विकायला आलं तर जरा थांबा. कमी पडू देऊ नये एवढं मात्र पटण्यासारखं आहे, कारण सरकारी आयर्न-फॉलिकच्या गोळीत कोलीन नसतं.

आणि हो, ती आयर्नची गोळी अंड्याबरोबर घेऊ नका. अंड्यातलं एक प्रोटीन लोह धरून ठेवतं, मग ते आतड्यात कमी शोषलं जातं. दोन तासांचं अंतर ठेवलं की झालं.

कोलेस्टेरॉलचं म्हणाल तर ते गरोदरपणात रक्तात आपोआप वाढतंच, रोजच्या एक-दोन अंड्यांनी निरोगी बाईला घाबरायचं कारण नाही. डायबिटीस किंवा आधीच कोलेस्टेरॉलचा त्रास असेल, किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल, तर मात्र डॉक्टरला विचारूनच.

घाबरायचं ते कच्च्या अंड्याला, साल्मोनेलामुळे. हाफ फ्राय नको, घरगुती मेयोनीज नको. पाणी उकळल्यावर दहा-बारा मिनिटं ठेवा, कापल्यावर पिवळं कोरडं आणि भुसभुशीत दिसलं पाहिजे, मध्ये ओलसर चकचकीत नाही. कडेला हिरवट रिंग आली तर ते जास्त उकडल्याचं लक्षण, खायला काही होत नाही. संध्याकाळी गाड्यावर रस ऑम्लेट खायची वहिनीला भारी हौस, तर गाडेवाल्याला सांगायचं, दोन्ही बाजूंनी कडक भाज आणि मगच वर शागुतीचा रस घाल. तो रसही उकळता हवा, कोमट नाही.

राहिला सोमवार. त्या दिवशी मावशीच्या घरी अंडं चालत नाही, श्रावणात तर महिनाभर नाही. त्या दिवसांत सोयाबीनची उसळ, चणे, राजमा आणि जास्तीचं दूध-दही एवढं करता येतं. 450 गाठणं कठीणच, पण 160च्या पुढे नक्की जातं.