कढईतली आग आणि चिपाडाची आग

कोल्हापुरात वड्याच्या एखाद्या गाडीवर तेलाची कढई पेटली किंवा शहराबाहेरच्या गुऱ्हाळावर वाळलेल्या चिपाडाचा ढीग पेटला, तर मदतीला धावणाऱ्या माणसाच्या हाताला पहिल्यांदा पाण्याची बादलीच लागते. चिपाडावर ती उपयोगी पडते, कढईवर मात्र तीच जीवघेणी ठरते.

कोणत्याही आगीला जळणारा पदार्थ, हवेतला ऑक्सिजन आणि पुरेशी उष्णता या तीन गोष्टी एकत्र लागतात, आणि यालाच आगीचा त्रिकोण म्हणतात. तेल असो वा चिपाड, ज्वाळेने जळते ती त्यांतून उष्णतेमुळे बाहेर पडणारी वाफ किंवा वायू. वडे तळताना तेलाचे तापमान साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअस असते. कढई तशीच चालू राहिली, तर रिफाइंड शेंगदाणा तेल सुमारे २३० अंशांवर धुरावू लागते आणि ३५० अंशांच्या पुढे कुठेतरी ठिणगीशिवाय आपोआप पेट घेते. म्हणून कढईतून सतत निळसर धूर येऊ लागणे हीच गॅस बंद करण्याची वेळ असते.

अशा पेटलेल्या तेलात पाणी टाकले, तर ते तेलापेक्षा जड असल्याने खाली जाते आणि क्षणात उकळते. एक लिटर पाण्याची जवळजवळ १७०० लिटर वाफ होत असल्यामुळे ती वाफ जळते तेल बारीक थेंबांच्या रूपात वर उडवते, प्रत्येक थेंबाला चहूबाजूंनी हवा मिळते आणि कढईपुरती असलेली आग छतापर्यंत पोहोचते.

येथे आधी गॅस बंद करून उष्णतेचा पुरवठा थांबवायचा आणि मग धातूचे झाकण आपल्या बाजूने पुढे सरकवत कढई पूर्ण झाकायची. हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १५-१६ टक्क्यांच्या खाली गेला, की बहुतेक ज्वाळा टिकत नाहीत. मात्र ज्वाळा विझली तरी तेल ३५० अंशांच्या आसपासच असते. पाच मिनिटांनी कुतूहलाने झाकण उचलले, की गरम वाफेला पुन्हा हवा मिळून तेल भडकते. त्रिकोणाची एक बाजू काढली असली, तरी उरलेल्या दोन शाबूत आहेत, हे बहुतेक जण इथेच विसरतात. त्यामुळे कढई न हलवता, झाकण न उघडता ती पूर्ण थंड होऊ द्यावी लागते. आग झाकणाच्या आवाक्याबाहेर गेली असेल, तर बाहेर पडून १०१ वर फोन करणेच योग्य.

दुकानातल्या लाल नळकांड्यातली कोरडी पावडर निराळ्या मार्गाने काम करते, आणि ते समजण्यासाठी त्रिकोणाला चौथी बाजू जोडावी लागते. ज्वाळेत रेणू तुटून हायड्रोजनचे आणि हायड्रॉक्सिलचे अतिशय क्रियाशील तुकडे तयार होतात, ते पुढचे रेणू तोडतात आणि त्यातून तसेच नवे तुकडे निर्माण होत राहतात. ही साखळी धरली, की चार पृष्ठभागांचा चतुष्फलक पुरा होतो. पावडरीचे कण हे तुकडे पकडून साखळी तोडतात, म्हणून ज्वाळा काही सेकंदांत नाहीशी होते. पण पावडर तेलाला फारसे थंड करत नाही, त्यामुळे ते पुन्हा पेटू शकते. शिवाय जोराच्या फवाऱ्याने तेल कढईबाहेर उडण्याचा धोका असतो. मोठ्या स्वयंपाकघरांसाठी म्हणूनच पोटॅशियमच्या क्षारांच्या द्रावणाची वेगळी नळकांडी असतात. ते द्रावण बारीक तुषारांच्या रूपात तेलावर पडते, पृष्ठभागावर साबणासारखा फेस तयार करते आणि तेल थंडही करते.

चिपाडाच्या ढिगात गणित उलटे होते. वरची ज्वाळा विझल्यावर आत जी धग उरते, तिच्यात कोळशाचा पृष्ठभागच ऑक्सिजनशी थेट संयोग होऊन जळत असतो. तिथे तोडायला ज्वाळेतली साखळीच नसते, म्हणून पावडर फारशी उपयोगी पडत नाही. ढीग ताडपत्रीने झाकूनही भागत नाही, कारण चिपाडांच्या फटींत हवा असते, धग कमी ऑक्सिजनवरही तग धरते आणि चिपाड स्वतःच उष्णता कोंडून ठेवते. इथे उष्णताच काढायला हवी, आणि उकळून वाफ होताना भरपूर उष्णता शोषणारे पाणी त्यासाठी सर्वांत चांगले. न पेटलेले चिपाड आधी दूर ओढावे, मग उरलेला ढीग कडेपासून थोडा थोडा पसरून भिजवावा. ढिगावर मात्र चढू नये, कारण आत जळून पोकळी झालेली असू शकते. वरून ओतलेले पाणी अनेकदा एकाच वाटेने खाली निघून जाते आणि आतला भाग कोरडा राहतो. म्हणून काही तासांनी ढिगात लोखंडी पहार खुपसून थोड्या वेळाने बाहेर काढावी आणि तिच्या टोकाजवळ हात नेऊन पाहावा. धग जाणवली, तर तिथला ढीग पुन्हा उकरून भिजवावा लागतो.