शेजारी नेमका कोण? आकडे जोडत जायच्या कोड्यांमागची गोष्ट

बुद्धिबळाच्या पटावर घोडा अडीच घरांनी नाचवत प्रत्येक घरात एकदाच टेकवायचा हा खेळ नवव्या शतकातल्या एका संस्कृत काव्यशास्त्राच्या ग्रंथातही सापडतो, त्यामुळे मूळ कल्पना फार जुनी आहे एवढं म्हणून पुढे जातो. कारण आज आपण आकडे जोडत जायची जी कोडी सोडवतो त्यांची खरी सुरुवात साधारण २००८ च्या आसपासची.

त्या सुमाराला दोन कोडी पाठोपाठ लोकांसमोर आली. एक हिदातो, इस्रायलमधल्या एका गणितज्ञाचं, नाव हिब्रूतल्या कोडं या अर्थाच्या शब्दावरून. दुसरं नंब्रिक्स, अमेरिकेतल्या एका रविवार पुरवणीत सदर लिहिणाऱ्या बाईंचं. दोन्हीत काम तेच, काही आकडे दिलेले, बाकीचे असे भरायचे की १ पासून शेवटपर्यंत प्रत्येक आकड्याचा पुढचा आकडा शेजारच्याच घरात येईल. आणि घोळ इथेच आहे, शेजारी म्हणजे कोण? हिदातोत तिरकं घरही शेजारी, म्हणजे बुद्धिबळातला राजा चालतो तसं. नंब्रिक्समध्ये फक्त आडवं आणि उभं. कितीतरी जण दोन्ही नावं एकाच कोड्याची समजून वापरतात आणि मग ‘हे सुटतच नाही’ म्हणून वैतागतात, चूक कोड्याची नसते, तिरकं चालतं की नाही हेच बघितलेलं नसतं.

वरवर किरकोळ वाटणारा हा नियम सोडवायची पद्धतच बदलून टाकतो. हे बघा, पाच बाय पाच, तिरकं चालत नाही:

```
.  .  .  .  .
.  ११ .  .  .
.  .  ३  .  .
.  .  .  १५ .
७  .  .  .  .
```

११ पासून १५ पर्यंत चार पावलं आहेत, आणि अंतरही दोन घरं उजवीकडे, दोन खाली असं बरोबर चार. म्हणजे एकही पाऊल वाया घालवायची सोय नाही, वाट उजवीकडे आणि खालीच जाणार. मधल्या घरात ३ बसलाय म्हणून त्याला वळसा घालायचा, एकतर वरून उजवीकडून नाहीतर डावीकडून खालून. आता ३ आणि ७ बघा, इथेही पावलं चार आणि अंतर चार, म्हणजे ४ हा ३ च्या डावीकडे किंवा खाली, तिसरी जागाच नाही. पण ११ ची वाट डावीकडून खाली आली तर ही दोन्ही घरं तीच खाऊन टाकते आणि ३ अडकतो. म्हणून वाट वरूनच, १२ हा ११ च्या उजवीकडे, १३ त्याच्याही उजवीकडे, १४ त्याच्या खाली. एकही अंदाज न लावता तीन आकडे बसले!

हीच चौकट तिरकं चालतं असं धरून बघा. ३ वरून ७ ला दोन पावलांत जाता येतं आणि हातात चार आहेत, ११ वरून १५ लाही मधल्या ३ ला वळसा घालून तीनच पावलं पुरतात, मग वाट कुठेही भटकू शकते आणि या चार आकड्यांवरून काहीच पक्कं होत नाही. दुसरं म्हणजे आडव्या-उभ्या प्रकारात घरं पटासारखी काळी-पांढरी रंगवली तर प्रत्येक पावलाला रंग बदलतो. पाच बाय पाचमध्ये कोपऱ्याच्या रंगाची तेरा घरं आणि विषम आकडेही तेराच, म्हणून विषम आकडे त्याच रंगावर येणार (वर दिलेले चारही तसेच आहेत). तिरक्या पावलाला रंग बदलत नाही, त्यामुळे हा आधार जातो. तिरक्यावाले म्हणतात वाटा जास्त म्हणून मजा जास्त, मला विचाराल तर त्यात चाचपडणंच जास्त होतं. पण हेही खरं की तिरक्यात ११ आणि १३ एकमेकांपासून तिरकी दोन घरं लांब असले तर १२ डोळे झाकून मधल्या घरात लिहिता येतो, तेवढी सोय तिथेही आहे.

हिदातोत पहिला आणि शेवटचा आकडा दिलेला असतो. नंब्रिक्समध्ये बऱ्याचदा नसतो, आणि नवखे फसतात ते इथेच, मधला भाग भराभर भरतात आणि शेवटी एखाद्या कोपऱ्यात एकटं घर उरतं जिथे कुठूनच पोचता येत नाही. भरता भरता एखाद्या रिकाम्या घराला एकच मोकळा शेजारी उरला की थांबायचं, ते घर वाटेचं टोक तरी असतं नाहीतर लगतच्या भरलेल्या आकड्याला जोडलेलं, दोन्ही जमत नसेल तर मागे चूक झालीय.

२०२५ मध्ये एका नोकरीधंद्याच्या नेटवर्किंग साइटने रोजचा एक खेळ सुरू केला, त्यात १, २, ३ असे टप्पे क्रमाने गाठत एकाच रेषेने सगळी घरं भरायची, तिरकं चालत नाही. दिसायला हेच कोडं, पण तिथे २ आणि ३ च्या मध्ये एकही घर नसेल किंवा वीस असतील, आकडा फक्त क्रम सांगतो, अंतर सांगत नाही. म्हणजे वरची पावलं मोजायची युक्ती तिथे चालतच नाही, मध्ये घातलेल्या भिंती आणि एकट्या पडणाऱ्या घरांवरच सगळी भिस्त.