लोवर दोन्ही कॉइल, तरी उष्णता कमी

"मीडियमवर एकच कॉइल पेटते आणि लोवर दोन्ही. मग लोवरच बिल जास्त येत असणार!" नौपाड्यातल्या आमच्या शेजारच्या काकूंनी परवा त्यांची दोन कॉइलची विजेची शेगडी दाखवत मला हे सांगितलं. त्यांनी पाहिलं होतं ते अगदी बरोबर होतं. चुकला होता तो निष्कर्ष.

शेगडीतल्या दोन्ही कॉइल सारख्या आहेत. एकटी कॉइल 230 व्होल्टवर 1000 वॉट उष्णता देते. व्होल्टेजच्या वर्गाला वॉटने भागलं की रोध मिळतो, तो इथे साधारण 53 ओहम. मीडियमवर हीच एक कॉइल चालते.

लोवर बटण दोन्ही कॉइल एकसर, म्हणजे एकीच्या शेपटाला दुसरी, अशा जोडतं. रोध दुप्पट होतो, 106 ओहम, आणि प्रवाह निम्म्यावर येतो. खरी गंमत पुढेच आहे. 230 व्होल्ट दोघींत वाटले जातात, प्रत्येकीच्या वाट्याला 115. व्होल्टेज निम्मं झालं की त्याच कॉइलची शक्ती निम्मी होत नाही, पाव होते, कारण व्होल्टेजबरोबर प्रवाहही निम्मा झालेला असतो. म्हणून प्रत्येक कॉइल 250 वॉट देते आणि दोघी मिळून 500. काकूंना दोन्ही कॉइलवर दिसणारी मंद लाली ती हीच.

हायवर कॉइल समांतर जोडल्या जातात. दोघींनाही पूर्ण 230 व्होल्ट मिळतात, म्हणून 2000 वॉट. प्रवाह 8.7 अँपिअर होतो, त्यामुळे ही शेगडी 6 अँपिअरच्या साध्या प्लगवर लावू नये, 16 अँपिअरचाच हवा.

तापल्यावर रोध बदलतो, मग हा हिशेब टिकतो का? टिकतो. कॉइल नायक्रोमची असते आणि तिचा रोध तापल्यावर थोडाच वाढतो. बल्बच्या टंगस्टनला हे गणित लावलं असतं तर साफ फसलं असतं.

काकूंनी वीज वाचवणारी म्हणून विकली जाणारी डबीही प्लगला लावली होती. ती मी काढायला लावली. कॉइल हा निव्वळ रोध आहे. तिथे 1000 वॉट तासभर वापरले की एक युनिट पडणारच, कुठलीही डबी ते कमी करू शकत नाही.

या जोडणीमुळे बिघाडही शेगडी न उघडता ओळखता येतो. एक कॉइल तुटली की एकसर मार्गच खंडित होतो, म्हणून लो पूर्ण बंद पडतं. मीडियम चालू असेल आणि हायवरही पाणी उकळायला तेवढाच वेळ लागत असेल, तर मीडियमला न लागणारी कॉइल गेली आहे. लो आणि मीडियम दोन्ही बंद, पण हायवर एकच कॉइल पेटते, असं असेल तर मीडियमची कॉइल तुटली आहे.